मोठी मायचा खड्डा आणि माझा लेख

आमच्या गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मागच्या वर्षी मी एक लेख लिहिला, साधारण ९०० शब्दांचा, ७२ च्या दुष्काळावर. गाव पारोळा तालुक्यातलं. लेख होता माझ्या मोठी मायवर, म्हणजे मोठ्या काकांच्या बायकोवर. तेव्हा ती नवी सून होती, गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं तिथे जायची. प्रूफ आलं तेव्हा तिला वाचता येत नाही म्हणून तिच्या नातवाने ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पदर सावरत सगळं नीट ऐकलं, मधे एकदाही बोलली नाही, आणि संपल्यावर मला म्हणाली, "बापू, हाई बाई कोन शे रे?"

मला आधी वाटलं गंमत करतेय. म्हटलं तूच ना. तर म्हणे, "मी काय इतली रडकी व्हतू का?"

प्रूफ प्रेसला परत द्यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसात काय काय निघालं ते इथे सविस्तर लिहितोय. घरच्या म्हाताऱ्यांना फोनच्या रेकॉर्डरसमोर बसवून आठवणी काढणारे बरेच जण आहेत आता, आणि माझी जी चूक झाली ती त्यातल्या पुष्कळांची होत असणार असं मला वाटतं.

आधी माझ्या लेखात काय होतं ते. प्रसंग एकच होता, आमच्याकडे तो "जीप अडवली तो दिवस" म्हणून ओळखला जातो. कामावरचा ओव्हरसियर मापात मारायचा, गरीब बायांचा घाम लुटायचा, शेवटी एक दिवस बाया पेटून उठल्या आणि रस्त्यात ठाण मांडून त्याची जीप अडवली, अशी कथा. गावात पंचवीसेक वर्षांपूर्वी छापलेली एक पुस्तिका आहे, तिच्यात "दोनशे महिलांनी जीप अडवली" असं वाक्य आहे, तो आकडा मी तिथून उचलला. बाकी मोठी मायच्या रेकॉर्डिंगमधून. निदान मला तरी तसं वाटत होतं.

मग त्या रात्री मी रेकॉर्डिंग परत ऐकलं. ४० मिनिटांचं आहे. पहिल्यांदा लिहिताना मी फक्त "कामाचे" तुकडे उतरवून घेतले होते, ह्या वेळी माझे प्रश्नसुद्धा शब्द न शब्द उतरवले, आणि तिथेच पहिला झटका बसला. "हाल" हा शब्द रेकॉर्डिंगमध्ये सात वेळा आहे, सातही वेळा माझ्या तोंडी. "तेव्हा किती हाल झाले असतील ना?", "लेकरांचे तर फारच हाल?", असं. तिने तो शब्द एकदाही वापरलेला नाही. ती बिचारी "हा ना" म्हणायची आणि पुढे स्वतःचं काहीतरी सांगायला लागायची, आणि मी तो "हा ना" लेखात घेतला आणि पुढचं सोडलं.

पुढचं म्हणजे काय, तर एका ठिकाणी ती सरळ म्हणते, "तठे गंज मज्या व्हती." गंज म्हणजे पुष्कळ, हे खान्देशाबाहेरच्यांसाठी. घरात सासूसमोर मान वर करायची सोय नाही आणि कामावर चाळीस-पन्नास बाया, गाणी, एकमेकींच्या फडक्यातलं खाणं, आणि आठवड्याला हातात स्वतःचे पैसे. ते पैसे घरी आल्यावर सासूकडेच जायचे, पण तासभर तरी तिच्या कनवटीला असायचे. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी लेखात त्याचं एक वाक्य केलं होतं, "दुःखातही त्यांनी हसू जपलं." तिने सांगितलं होतं की आम्ही हसायचो. "दुःखातही" आणि "जपलं" हे दोन्ही माझे.

का केलं मी असं? खोटं लिहायचं म्हणून नक्कीच नाही. मला ७२ चा दुष्काळ केवढा होता ते आधीच माहीत होतं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर, कामावर सुकडी वाटायचे, हे सगळं मी वाचलेलं. म्हणजे मी शेवट बघून सुरुवात लिहीत होतो. तिला त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. पाऊस येत्या मृगाला येतो की अजून एक वर्ष जातं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि आपण "७२ च्या दुष्काळात" आहोत हे तर त्याहून नाही, ते नाव नंतर पडलं. ती एका खड्ड्यात होती, खड्डा दहा फूट बाय दहा फूट, आणि त्या दिवशी तिला एवढंच माहीत होतं की आज पैसे वाटप आहे.

मिलोचंही तसंच. मी लिहिलं होतं, "जनावरांचं खाणं खाऊन माणसं जगली." ती म्हणाली खाल्लं ते खरं, पण तिला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा, त्या पिठाची भाकर थापताना कडेने फाटायची, आणि नव्या सुनेची भाकर फाटली की सासू काय म्हणते ते तुला नाही कळायचं. कळण्याची भाकरी थापून हात बसलेला, आणि हे पीठ हाताला ऐकेना. पन्नास वर्षांनंतरही तिला ते पीठ आठवतं ते भाकर फाटण्याने.

आता खड्ड्यावर येतो, कारण सगळं प्रकरण तिथेच अडकलंय. मातीकामाचं माप कसं व्हायचं हे मला माहीतच नव्हतं आणि तरी मी मापातल्या लुटीवर लेख लिहिला होता, हे आता लिहिताना लाज वाटते.

बांधाला माती लागते, ती जवळच्या जमिनीतून खणून डोक्यावर पाटीने वाहायची. मजुरी खणलेल्या मातीवर. पण माती तर बांधावर जाऊन दबून बसते, ती कशी मोजणार, म्हणून खड्डा मोजायचा. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, १०० घनफूट झाले की एक ब्रास. दहा बाय दहाचा खड्डा एक फूट खोल गेला की बरोबर एक ब्रास. लांबी-रुंदी टेपने कळते. खोलीची भानगड अशी की जमीन काही सपाट नसते, सगळं खणून टाकल्यावर मूळ जमीन किती उंचीवर होती ते कसं सांगणार? त्यासाठी खड्ड्याच्या मधोमध एक मातीचा खांब न खणता तसाच सोडायचे. त्याच्या डोक्यावर मूळ जमीन जशीच्या तशी, गवताच्या खुंटांसकट. ओव्हरसियर येऊन खांबाच्या डोक्यापासून तळापर्यंत मोजायचा आणि ती खोली धरायचा. माप होईपर्यंत त्या खांबाला हात लावायचा नाही हा नियम.

पहिल्या बैठकीत हे मला कळलं नाही कारण मी विचारलंच नाही. मी विचारलं होतं "अन्याय व्हायचा का?", ती म्हणाली "व्हये मंग". दुसऱ्या बैठकीला मी जरा शहाणा झालो होतो, म्हटलं खड्डा मोजायचे कसे ते मला नीट सांग, मी काय ते काम केलेलं नाही. आणि मग ती जी खुलली! अंगणात काडीने चौकोन काढला, मधे मूठभर माती ठेवून खांब केला, टेप कुठून कुठे धरायचे ते दाखवलं, आणि मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाली की आम्ही खांबावर माती ठेवायचो.

म्हणजे असं. खांबाच्या डोक्यावर तीन बोटं, चार बोटं ओली माती थापून वरून गवताचे खुंट खोचायचे. समजा तीन इंच चढवली, तर एक फुटाचा खड्डा सव्वा फुटाचा दिसतो, एक ब्रासच्या जागी सव्वा ब्रास. चार दिवसाच्या कामाचे पाच दिवसाचे पैसे. टोळीत एक बाई ह्या कामात एकदम उस्ताद होती म्हणे, तिचा खांब बघून कोणाला शंका यायची नाही.

आणि ओव्हरसियरला हे माहीत होतं. तो बुटाच्या टोकाने खांबाच्या डोक्याला ठोकर मारायचा. मूळ जमीन असली तर कडक, मुळं गुंतलेली, हलत नाही. थापलेली असली तर खपली निघते. खपली निघाली की तो किती चढवली असेल त्याचा अंदाज धरून कापायचा, आणि राग आला की अंदाजापेक्षा जास्त कापायचा, आणि एका टोळीचं सापडलं की शेजारच्या टोळीचंही कापायचा, जिने काही केलेलं नसायचं. मुकादम दोन्हीकडून खायचा ती वेगळी कथा.

हे ती सांगत होती तेव्हा हसत होती, अगदी डोळ्यात पाणी येईपर्यंत. मी मात्र गप्प बसलो, कारण माझा लेख डोळ्यासमोर होता, "घामाच्या थेंबाथेंबाची लूट" वगैरे. लूट नव्हती असं नाही. अंदाजापेक्षा जास्त कापणं ही लूटच, आणि न केलेल्याचं कापणं तर सरळ लूट. पण माझ्या लेखातल्या बायांना हातच नव्हते, त्यांच्यावर फक्त गोष्टी होत होत्या. तिच्या गोष्टीतल्या बाया डोकं लावत होत्या, पकडल्या जात होत्या, परत नवीन युक्ती काढत होत्या. सगळ्यात वाईट म्हणजे हा खांबाचा किस्सा तिने पहिल्या दिवशीच सांगायला घेतला होता. रेकॉर्डिंगमध्ये ३१ व्या मिनिटाला ती म्हणते की आम्ही पण काही कमी नव्हतो, आणि मी लगेच विचारतो, "पण तेव्हा पाणी कुठून आणायचे?" माझ्या यादीत पुढचा प्रश्न पाण्याचा होता ना.

आता जीप. माझ्या लेखात दोनशे बाया रस्त्यात ठाण मांडून. तिचं म्हणणं पंधरा, फार तर वीस, आणि ठाणबिण काही नाही. "आम्ही बठनूत सावलीमा."

म्हटलं मोठी माय, असं कसं, गावात सगळे सांगतात जीप अडवली. ती म्हणे अडली ती खरं, आम्ही अडवायला नव्हतो बसलो. त्या दिवशी वाटप होतं, दुसऱ्या दिवशी बाजार, साहेब सकाळी येणार होता तो दुपार झाली तरी आला नाही, मे महिन्याचं ऊन, एकच झाड, त्याच्या सावलीत बसलो, सावली रस्त्यावर होती म्हणून रस्त्यात बसलो.

मला खरं सांगायचं तर हे पटलं नाही. म्हटलं ही आता नम्रपणाने लहान करून सांगतेय, म्हाताऱ्या बाया करतात तसं. किंवा पोलीस-बिलीस काही झालं असेल त्याची भीती अजून असेल. म्हणजे बघा, आधी मी तिला रडकी केलं आणि आता तिचं म्हणणं मला पटेना कारण ती पुरेशी शूर निघत नव्हती.

म्हणून तिला मोटरसायकलवर मागे बसवून तलावावर घेऊन गेलो. मुद्दाम दुपारी, योगायोगाने मे महिनाच होता. तलाव कोरडा ठाक. झाड आता नाही, पण बुंध्याचं खोड जमिनीलगत आहे, ते तिने पाच मिनिटात शोधलं. जुना गाडरस्ता त्या खोडाच्या पूर्वेला, सात-आठ पावलांवर, अजून चाकोरी दिसते. आता साधा हिशोब करा. आपल्याकडे मेच्या सुरुवातीला बारा वाजता सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली झाडाच्या बुंध्याशीच गोळा झालेली. जसजशी दुपार कलते तशी सावली पूर्वेला सरकत जाते, साडेतीन-चारला झाड जितकं उंच तितकी लांब पडते. बाया सावली धरून बसल्या असणार आणि सावलीबरोबर सरकत गेल्या असणार, आणि चारच्या सुमाराला त्या कुठे पोचतील, तर रस्त्यावर. मी तिथे स्वतः खोडाजवळ काठी उभी करून बघितलं. काठीची सावली चाकोरीकडेच बोट दाखवत होती.

ती माझ्याकडे बघत उभी होती, म्हणे आता पटलं का.

पण मग मी एक प्रश्न विचारला आणि ह्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली एकमेव बरी गोष्ट तीच असेल. म्हटलं जीप आल्यावर काय केलं? तर ती म्हणाली, "मंग उठनूत नही."

जीपने हॉर्न दिला. कोणी उठलं नाही. आधी आळसाने, ऊन होतं, पायाला मुंग्या आल्या होत्या. परत हॉर्न. मग त्या खांबवाल्या बाईने बसल्या जागेवरून विचारलं की मागच्या आठवड्याचं कापलं ते आमच्या टोळीचं का कापलं, माती तर त्या पलीकडच्यांनी चढवली होती. (खोटं बोलत होती, मोठी माय म्हणे, आम्हीच चढवली होती.) साहेब खाली उतरला. बोलाचाली झाली. सूर्य बुडायच्या आत अर्ध्या कापलेल्या मापाचे पैसे सुटले.

म्हणजे बसणं सावलीसाठी होतं आणि न उठणं मापासाठी. पुस्तिका लिहिणाऱ्याने आणि मी, दोघांनी दुसरी गोष्ट पहिलीच्या जागी नेऊन ठेवली. शेवटी झगडा झाला म्हणजे सुरुवातीपासून झगड्यालाच बसल्या असणार, असं गृहीत धरलं. जिने ते केलं तिला स्वतःलासुद्धा पहिल्या हॉर्नला माहीत नव्हतं की आपण उठणार नाही आहोत. ते दोन हॉर्नच्या मधे कुठेतरी ठरलं. नंतर लिहिणाऱ्याच्या हातून हा मधला वेळच सगळ्यात आधी निसटतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की जिने भोगलं ती बरोबर आणि लिहिणारा चूक, संपला विषय. तसं नाहीये, आणि म्हणून अजून दोन गोष्टी.

एक, ती सतत "रोजगार हमीनं काम" म्हणते. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. ती सांगते ते काम त्याच्या आधीचं, सरकारी भाषेत दुष्काळ निवारणाचं. नंतर ती खऱ्या रोजगार हमीवरही गेली, तिथेही खड्डे, ब्रास, मुकादम तेच, त्यामुळे दोन्हीचं तिच्या डोक्यात एकच नाव झालं. आधी मी गुपचूप सुधारून "दुष्काळी काम" केलं होतं. आता वाटतं तिच्या तोंडी तिचा शब्द राहू द्यावा आणि माझ्या वाक्यात मी खुलासा करावा. कारण दुसरी शंका लगेच येते, मग खांबाचा किस्सा ७३ चा की ८० चा? हे तिला विचारलं तर ती झाडाकडे जाते, ते झाड नंतरच्या कामाच्या वेळी नव्हतंच, तोडलं होतं. जीपचा दिवस तरी त्यामुळे पक्का होतो. खांबावर माती चढवणं मात्र दोन्हीकडे झालं असेल.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. तिच्या सांगण्यात त्या दिवशी झाडाला झोळी बांधली होती आणि झोळीत माझा मोठा चुलतभाऊ होता, तिचा थोरला. हॉर्न वाजला आणि तो रडायला लागला, त्याला उचलायला पण मी उठली नाही, असं ती सांगते, आणि सांगताना आवाज बदलतो. पण तो दिवस तिच्याच हिशोबाने आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा, कारण त्याच पैशातून आखाजीला माहेरी जाताना बांगड्या भरल्या. १९७३ ची आखाजी मेच्या पहिल्या आठवड्यात होती. आणि दादाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९७४.

आता दाखल्यावर विश्वास ठेवायचा का हाही प्रश्नच. त्या काळात गुरुजींनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लिहिलीये, शाळेत घालायला वय बसावं म्हणून. आमच्या गावात १ जूनला एवढे वाढदिवस असतात की केकवाल्याला सुट्टी नाही. म्हणजे कागदही नंतर लिहिणाऱ्याचाच, आणि त्या लिहिणाऱ्याला तर मुलाचं वय बघायलाही वेळ नव्हता. पण दाखल्यावरचं वर्ष बरोबर असेल तर दादा झोळीत असू शकत नाही, आणि ती नवी सून होती हे तर तीच सांगते. मग मी माझ्या दुसऱ्या काकूंच्या मोठ्या मुलीला, म्हणजे ताईला फोन केला. ती म्हणाली, अरे झोळीत मी होते, माझी आई खड्ड्यात होती आणि मोठी माय मला सांभाळत बसली होती, आई नेहमी सांगायची.

पण ताईही तेव्हा झोळीत होती, तिला काय आठवणार, तिला तिच्या आईचं सांगणं आठवतंय.

इटलीत टेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे. तिथे १९४९ मध्ये नाटो ह्या लष्करी कराराविरुद्धच्या एका मोर्चात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली ह्या अभ्यासकाने नंतर कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तर पुष्कळ जण सांगायचे की तो १९५३ ला मेला, कारखान्यातून हजारोंना काढलं त्या वेळच्या लढ्यात. तारीख चुकीची होती. पण पोर्तेल्लीने ती चूक म्हणून फेकली नाही, लोकांनी ते मरण का हलवलं हे विचारलं. नाटोविरोधी मोर्चातला मृत्यू लोकांच्या आयुष्यात नीट बसत नव्हता, आणि नोकऱ्या गेल्या ते दुखणं मोठं होतं, म्हणून मरण तिकडे सरकलं. हे वाचल्यापासून मला झोळीतल्या बाळाचा वेगळा विचार करता येतो. जावेच्या मुलीसाठी न उठणं ही एक गोष्ट, स्वतःच्या पोरासाठी न उठणं दुसरी. पन्नास वर्षात त्या न उठण्याची किंमत तिच्या मनात वाढत गेली असेल आणि त्या मापाचं लेकरू झोळीत येऊन बसलं असेल. हा माझा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच सांगतोय. तिला मी हे बोललो नाही. तारखेचं बोललो. ती म्हणाली दाखला चुकीचा आहे.

नव्या लेखात मी असं केलं: झाडाला झोळी होती, झोळीत लेकरू होतं, एवढं माझ्या आवाजात. ते दादा होता हे तिच्या आवाजात, अवतरणात. ताईचं म्हणणं तिच्या आवाजात. तिन्ही शेजारी शेजारी, कोणाला न पुसता. प्रेसवाला म्हणाला गोंधळ होतोय, एक काहीतरी ठरवा. मी म्हटलं राहू दे. मापाच्या आधी खांबाला हात लावायचा नाही हे मी आत्ताच शिकलो होतो.

रेकॉर्डिंगचंही तेच केलं. पहिल्या बैठकीची मूळ फाइल कापाकापी न करता तशीच ठेवलीये, माझे सातही "हाल" त्यात आहेत. उतरवलेल्या कागदावर तीन रंग केले. तिने डोळ्यांनी बघितलेलं निळ्याने, तिने दुसऱ्याकडून ऐकलेलं हिरव्याने (दोनशेचा आकडा तिनेही एकदा उच्चारलाय, पण पुस्तिका वाचून दाखवली होती तेव्हापासून), आणि आज ती त्याबद्दल काय म्हणते ते लाल. निळं मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं, आणि सगळ्यात बारीकसारीक तपशील निळ्यातच होते.

छापायच्या आधी नवं प्रूफ परत ओट्यावर वाचलं. ह्या वेळी ती मधे मधे बोलत होती. खांबाचा किस्सा आला तेव्हा हसली, आणि उस्ताद बाईचं नाव आलं तसा हात वर केला. "नाव नको लिखू रे बापू, तिना नातू गावमाच शेतस." म्हटलं अगं ती हुशार होती असंच लिहिलंय, वाईट काहीच नाही. म्हणे तुला हुशार वाटतं, त्यांना चोर म्हणतील. नाव काढलं. गोष्ट जिच्या आयुष्यातली तिने सांगायला हो म्हटलं, पण त्या खड्ड्यात अजून पंधरा बाया होत्या आणि त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं.

जीपचा भाग आला. दोन हॉर्न, मधला वेळ. ती ऐकत राहिली, मान हलवली. मग नातवाला म्हणाली मागचं वाक्य परत वाच. "बाया बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या."

"बाभूळ नही रे, हिवर."

तलावावर खोड बघितलं तेव्हा मी विचारलंच नव्हतं कशाचं आहे ते. पेन काढून बाभूळ खोडली, हिवर लिहिलं, आणि प्रूफ संध्याकाळच्या एसटीने पारोळ्याला पाठवून दिलं.